कारखान्यातील रक्तदान शिबिराची सूचना: कोणी, केव्हा यावे आणि कोणी येऊ नये

प्रश्न: आमच्या कारखान्यात तीन पाळ्यांत मिळून साधारण चारशे लोक आहेत. पुढच्या महिन्यात रक्तदान शिबिर असून निमंत्रणाची सूचना लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. गेल्या वर्षी सूचना लावूनही सकाळी झुंबड उडाली, दुपारी कोणीच नव्हते आणि बरेच जण रक्त न घेता परत पाठवले गेले. सूचनेत नेमके काय लिहावे?

उत्तर: मी एका धर्मादाय रक्तपेढीत वैद्यकीय समाजसेवा अधिकारी म्हणून काम करतो. शिबिर ठरवणे, जागा पाहणे आणि सूचनेचा मसुदा तपासणे ही माझी रोजची कामे आहेत. माझ्या अनुभवानुसार कारखान्यातील शिबिर बिघडते ते बहुधा उत्साह कमी पडल्यामुळे नव्हे. सूचनेत दिनांक, स्थळ आणि ‘सर्वांनी बहुसंख्येने उपस्थित राहावे’ एवढेच लिहिलेले असते. त्यामुळे ज्यांना त्या दिवशी रक्त देता येणार नाही तेही येतात, आणि ज्यांना देता येईल ते सगळे एकाच वेळी येतात. म्हणून सूचनेने दोन गोष्टी घरबसल्या ठरवून दिल्या पाहिजेत. माझी वेळ कोणती हे कामगाराला कळले पाहिजे, आणि या वेळी आपण थांबावे का, हेही त्याला कोणालाही न विचारता ठरवता आले पाहिजे.

आधी एक कबुली देतो. पाळ्यांच्या वेळा, साप्ताहिक सुट्टी, कामाचे स्वरूप आणि येणाऱ्या रक्तपेढीचे मनुष्यबळ यांवर पुढचे बरेच अवलंबून आहे. आपण यांपैकी काही कळवलेले नाही. त्यामुळे मी भोसरी-चाकण परिसरातल्या कारखान्यांत नेहमी दिसणारी मांडणी गृहीत धरतो: पहिली पाळी ७ ते ३, दुसरी ३ ते ११, तिसरी ११ ते ७, शिवाय ९ ते साडेपाचची जनरल पाळी आणि गुरुवारी साप्ताहिक सुट्टी. आपल्याकडे वेळा वेगळ्या असतील तर आकडे बदला, विचार तोच राहील.

सुरुवात दिवसापासून करू, कारण दिवस चुकला तर सूचना कितीही चांगली लिहून उपयोग नाही. उपाशीपोटी किंवा उपवासात असलेल्या माणसाचे रक्त घेता येत नाही. शेवटचे खाणे रक्तदानाच्या आधीच्या चार तासांत झालेले असावे, असे आम्ही पाहतो. आपल्याकडे संकष्टी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र आणि रमजान यांपैकी एखादा दिवस नकळत शिबिराच्या वाट्याला येतो आणि निम्मे इच्छुक गळतात. १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय स्वैच्छिक रक्तदान दिन. त्या दिवशी शिबिर घेण्याची अनेक व्यवस्थापनांना हौस असते, पण तो कित्येकदा नवरात्राच्या आसपास येतो, आणि एकाच दिवशी सगळीकडे शिबिरे झाली की रक्तपेढीची चमूही विभागली जाते. तेव्हा व्यवस्थापनाने दिवस कळवला की आधी दिनदर्शिका उघडा आणि मगच रक्तपेढीला दूरध्वनी करा.

आठवड्यातला वार कोणता हा याहून महत्त्वाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर रक्तदाता निवडीच्या नियमातच आहे. ज्यांचे काम कष्टाचे आहे, जे लांब पल्ल्याची वाहने चालवतात किंवा आपत्कालीन सेवेत आहेत, त्यांची पुढची पाळी रक्तदानानंतर किमान २४ तासांनी असावी, असे नियम सांगतो. रात्रपाळी करून पुरेशी झोप न झालेल्या माणसाचे रक्त घेऊ नये, असेही तो सांगतो. कारखान्यासाठी याचा सरळ अर्थ असा की शिबिर साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी असावे. गुरुवारी सुट्टी असेल तर बुधवारी. क्रेन चालवणारा, उंचीवर काम करणारा किंवा प्रेसवर उभा राहणारा माणूस बुधवारी पाळी संपवून रक्त देईल, गुरुवारी घरी असेल आणि शुक्रवारी पुन्हा कामावर येईल.

हा नियम मला कागदावरून नव्हे, एका प्रसंगातून पटला. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यात आमचे शिबिर होते. त्यांच्या सूचनेत ठळक अक्षरांत लिहिले होते, ‘रक्तदानानंतर अवघ्या अर्ध्या तासात आपण कामावर रुजू होऊ शकता.’ ते वाक्य आम्ही आधी पाहिले नव्हते, ही आमचीही चूक. एका फिटरने सव्वादहाला रक्त दिले, चहा-बिस्किटे घेतली, हसत कामावर गेला. साडेबाराच्या सुमारास यंत्राशेजारी वाकलेला उठताना त्याला भोवळ आली आणि तो लोखंडी ट्रॉलीच्या कडेवर पडला. भुवईला टाके पडले. हात यंत्रात गेला नाही, हे नशीब. रक्तदानानंतरची भोवळ नेहमी खाटेवरच येते असे नाही. पाणी कमी प्यायलेल्या, उकाड्यात उभ्या असलेल्या माणसाला ती दोन-तीन तासांनीही येऊ शकते. तेव्हापासून मसुदा आला की मी पहिल्यांदा ‘लगेच कामावर’ अशा अर्थाचे वाक्य शोधतो.

आता गर्दीकडे येऊ. किती लोकांना कोणत्या वेळी बोलवायचे हे मनाने ठरवायचे नसते, त्याचे गणित आहे. आपल्या नियमांत शिबिराच्या चमूचे एक प्रमाण दिलेले आहे: एक वैद्यकीय अधिकारी, सहा ते आठ खाटा सांभाळणाऱ्या दोन परिचारिका, तीन तंत्रज्ञ, दोन समाजसेवा अधिकारी आणि दोन मदतनीस एवढ्या मनुष्यबळात सुमारे तीन तासांत ५० ते ७० किंवा पाच तासांत १०० ते १२० रक्तदाते होतात. म्हणजे तासाला वीसच्या थोडे वर. लोकांना वाटते की खाटा वाढवल्या की वेग वाढेल. तसे होत नाही. खाटेवर माणूस विश्रांतीसकट पंधरा मिनिटे असतो, म्हणून सहा खाटांवर तासाला चोवीस जण सहज होतात. अडते ते डॉक्टरांच्या टेबलाशी. अर्ज वाचणे, दोन प्रश्न एकांतात विचारणे, रक्तदाब आणि नाडी पाहणे यांना प्रत्येकी तीन मिनिटे लागतात आणि डॉक्टर एकच असतात. त्यामुळे अर्ध्या तासाला दहा नावे हे प्रमाण मी वापरतो. आपल्या रक्तपेढीकडून दोन डॉक्टर येणार असतील तर ते वाढवा, पण विचारल्याशिवाय वाढवू नका.

या प्रमाणाने शंभर नावांचे वेळापत्रक कसे बसते ते पाहू. शिबिर सकाळी अकराला सुरू करा. नऊला सुरू करण्याचा मोह टाळा, कारण त्या वेळी सर्वांत आधी दाराशी येते ती नुकतीच सुटलेली रात्रपाळी, आणि नेमकी तिलाच परत पाठवावे लागते. गेल्या वर्षी तुमच्याकडे सकाळी झालेली झुंबड आणि परत गेलेले लोक यांत बहुधा हीच मंडळी बरीच असावीत. ११ ते १ या वेळेत जनरल पाळीतल्या कार्यालय, भांडार आणि गुणवत्ता विभागांतील चाळीस जणांना बोलवा. ते साडेनऊला कँटीनमध्ये नाश्ता करून आलेले असतात आणि त्यांचे उरलेले काम बैठे असते. १ ते दीड चमूची जेवणाची सुट्टी ठेवा आणि ती सूचनेत लिहा, नाहीतर त्या अर्ध्या तासात रांग वाढत राहते. दीड ते अडीच या वेळेत दुसऱ्या पाळीतले फक्त हलके काम असलेले वीस जण, घरून जेवून, पाळीच्या आधी. अडीच ते तीन कोणालाही वेळ देऊ नका. मागे पडलेले लोक त्या अर्ध्या तासात निघतात. ३ ते ५ पहिल्या पाळीतून सुटलेले चाळीस जण, म्हणजे कष्टाचे काम करणारे सगळे.

तिसऱ्या पाळीला या वेळी बोलवू नका, आणि तसे स्पष्ट लिहा. मंगळवारी रात्री काम करून बुधवारी सकाळी सुटलेल्यांची झोप झालेली नसते. दुपारी झोपून संध्याकाळी आले तरी बुधवारी रात्री त्यांना पुन्हा पाळीवर उभे राहायचे असते. ही माणसे नाराज होतात, म्हणून त्यांच्यासाठी पुढच्या शिबिराचा अंदाजे महिना याच सूचनेत द्यावा. इथे एक बारकावा सांगतो. पाळ्या दर आठवड्याला बदलत असतील तर तीन आठवड्यांचे चक्र होते. पुढचे शिबिर २४ आठवड्यांनी घेतले तर तीच तुकडी पुन्हा रात्रपाळीत सापडेल, कारण २४ ला ३ ने भाग जातो. २५ किंवा २६ आठवड्यांनी घेतले तर सापडणार नाही. मी ही चूक एका ठिकाणी सलग दोनदा केलेली आहे. दोन रक्तदानांमध्ये पुरुषांना ९० आणि स्त्रियांना १२० दिवसांचे अंतर लागते, त्यामुळे सहा महिन्यांच्या अंतराने कोणाचीही अडचण होत नाही.

पहिल्या पाळीच्या बाबतीत दोन गोष्टी हमखास विसरल्या जातात. पहिली खाण्याची. पहिल्या पाळीचे जेवण साडेअकराला होते. तीनला येणारा चार तासांच्या आत बसतो, पण चार वाजता नंबर लागणाऱ्याचे पोट साडेचार तास रिकामे असते. म्हणून पाळी सुटताच, रक्तदानाच्या आधी, पोहे किंवा उपमा आणि पाणी द्यायचे हे कँटीनला लेखी कळवा. बहुतेक ठिकाणी अल्पोपाहार फक्त नंतरसाठी सांगितलेला असतो. दुसरी गोष्ट बसची. पाळी सुटल्यावर कंपनीची बस सव्वातीनला निघत असेल, तर कितीही इच्छा असली तरी माणूस बसमध्ये जाऊन बसणार, कारण पुढे त्याला रिक्षाचे दीडशे रुपये पडतात. एका कारखान्यात ३ नंतरची चाळीस नावे यादीत होती आणि प्रत्यक्षात सहा आली. पुढच्या वेळी आम्ही सव्वापाचची जादा बस ठेवायला लावली आणि सूचनेत तिची वेळ छापली, तेव्हा तेच लोक थांबले. शिवाय रक्त देऊन लगेच दुचाकीवर बसणे धोक्याचे असते, तेही या बसने टळते.

आता कोणी येऊ नये याबद्दल. रक्तपेढीच्या अर्जात प्रश्नांची लांब यादी असते. ती सगळी सूचनेत उतरवू नका, कोणी वाचत नाही. ज्यांचे उत्तर माणसाला घरीच ठाऊक असते आणि ज्यांमुळे सर्वाधिक लोक परत जातात तेवढेच मुद्दे घ्या. वय १८ ते ६५, पण प्रथमच रक्त देणाऱ्यासाठी ६० पर्यंत. वजन किमान ४५ किलो. गेल्या वर्षभरात गोंदण, मोठी शस्त्रक्रिया किंवा टायफॉइड, सहा महिन्यांत डेंग्यू, सध्या ताप-खोकला किंवा प्रतिजैविकांचा डोस चालू. मधुमेहासाठी इन्सुलिन घेणाऱ्यांनी येऊ नये. गोळ्या घेणाऱ्यांनी आणि रक्तदाबाचे औषध चालू असणाऱ्यांनी गेल्या चार आठवड्यांत मात्रा बदलली आहे का ते पाहावे आणि गोळीचे पाकीट सोबत आणावे, म्हणजे डॉक्टरांना ठरवता येते. स्त्रियांसाठी मासिक पाळीचे दिवस, गर्भारपण, स्तनपान आणि बाळंतपणानंतरचे पहिले वर्ष. हे मुद्दे वेगळ्या ओळीत साध्या शब्दांत लिहावेत. ‘महिलांच्या विशेष अडचणी’ अशा आडवळणाने लिहिले तर काहीच कळत नाही.

हिमोग्लोबिन मात्र घरी कळत नाही. ते १२.५ ग्रॅम लागते आणि शिबिरात बोटाच्या थेंबावर पाहिले जाते. काही ठिकाणी आजही कॉपर सल्फेटच्या निळ्या द्रावणात थेंब सोडतात. तो बुडाला तर ठीक, तरंगत राहिला तर हिमोग्लोबिन कमी. हे टेबल दाराशी, सगळ्यांसमोर असते. ‘तुमचे कमी आहे’ हे वाक्य रांगेतल्या दहा जणांनी ऐकले की ती व्यक्ती पुन्हा कधी येत नाही. म्हणून मी हे टेबल पडद्याआड घ्यायला लावतो. परत जाणाऱ्यालाही तोच नाश्ता मिळेल आणि बाहेर पडण्याचा दरवाजा एकच असेल, असेही सांगतो, म्हणजे कोणी रक्त दिले आणि कोणी नाही हे बाहेरून ओळखता येत नाही.

सूचनेतल्या तीन वाक्यांबद्दल मी हट्टी आहे. ती मसुद्यात दिसली की काढायला लावतो. पहिले, ‘प्रत्येक विभागाने किमान पंधरा रक्तदाते द्यावेत’ किंवा ‘सर्वाधिक रक्तदान करणाऱ्या विभागास ढाल’. दुसरे, मोठ्या भेटवस्तूची जाहिरात. तिसरे, ‘रक्ताच्या सर्व तपासण्या मोफत’. कारण सांगतो. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस व मलेरियासाठी तपासणी होते हे खरे आहे. पण संसर्ग झाल्यानंतर काही काळ तो चाचणीत दिसत नाही. त्या काळात रुग्णाचा बचाव एकाच गोष्टीवर असतो, तो म्हणजे दात्याने अर्जावर दिलेल्या खऱ्या उत्तरावर. विभागाची अब्रू, साहेबांची नजर किंवा भेट म्हणून मिळणारे हेल्मेट पणाला लागले की माणूस ते उत्तर बदलतो. मोफत तपासणीचे आमिष तर नेमक्या त्या माणसाला ओढून आणते, ज्याला स्वतःबद्दल शंका आहे आणि बाहेर तपासणी करायला लाज वाटते. त्याची अडचण खरी आहे, पण तिची जागा शासकीय रुग्णालयातील समुपदेशन केंद्र आहे, जिथे ही चाचणी विनामूल्य आणि गुप्तपणे होते. पैसे देऊन रक्त घेण्यावर देशात १ जानेवारी १९९८ पासून बंदी आहे. ज्या कारणाने ती आली, तेच कारण महागड्या भेटवस्तूलाही लागू पडते. चहा, नाश्ता, प्रमाणपत्र आणि रक्तदात्याचे कार्ड एवढे पुरे.

सुट्टी आणि पगाराचा प्रश्न व्यवस्थापनावर अवलंबून आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना कामाच्या दिवशी रक्तदान केल्यास त्या दिवसाची विशेष नैमित्तिक रजा मिळते. खाजगी कारखान्यात ते ज्याचे त्याने ठरवायचे असते. पण जे ठरेल ते सूचनेत लिहिलेले असले पाहिजे, विशेषतः कंत्राटी कामगारांसाठी. त्यांना भीती असते ती दीड तासाचा पगार कापला जाण्याची, सुईची नव्हे. ‘रजा मिळेल’ असे मोघम न लिहिता ‘शिबिरात गेलेला वेळ कामाचा धरला जाईल, कंत्राटी कामगारांसही हे लागू आहे’ असे लिहा.

या सगळ्यातून होणारा मसुदा खाली देतो. नावे आणि वेळा आपल्या घाला.

सूचना

विषय: रक्तदान शिबिर, बुधवार, दिनांक ……

सर्व कर्मचारी व कंत्राटी कामगार यांना कळवण्यात येते की, कारखान्याच्या तळमजल्यावरील प्रशिक्षण कक्षात वरील दिवशी सकाळी ११ ते सायंकाळी ५ या वेळेत …… रक्तपेढीमार्फत रक्तदान शिबिर होईल. रक्तदान पूर्णपणे ऐच्छिक आहे. न येण्याचे कारण कोणालाही सांगावे लागणार नाही आणि रक्तदात्यांची यादी फलकावर लावली जाणार नाही.

वेळा: जनरल पाळी ११ ते १. दुसरी पाळी, फक्त हलके काम असलेले, दीड ते अडीच. पहिली पाळी ३ ते ५. दुपारी १ ते दीड शिबिर बंद राहील. नाव नोंदवल्यावर आपणास अर्ध्या तासाची ठरावीक वेळ मिळेल. कृपया त्याच वेळी यावे. तिसऱ्या पाळीतील कामगारांनी झोप अपुरी असल्याने या वेळी येऊ नये. त्यांच्यासाठी पुढील शिबिर …… महिन्यात आहे.

येण्यापूर्वी: चार तासांच्या आत जेवण किंवा नाश्ता झालेला असावा आणि भरपूर पाणी प्यावे. उपवास असल्यास येऊ नये. आदल्या रात्री मद्यपान करू नये आणि पूर्ण झोप घ्यावी. पहिल्या पाळीसाठी ३ वाजता कक्षाबाहेर नाश्ता मिळेल. ओळखपत्र व चालू औषधांचे पाकीट आणावे.

या वेळी थांबावे: (इथे वर सांगितलेले मुद्दे सहा-सात लहान ओळींत.) शंका असल्यास शिबिरातील डॉक्टरांना एकांतात विचारावे. त्यांचा निर्णय अंतिम राहील व गुप्त राहील.

रक्तदानानंतर: पंधरा मिनिटे कक्षात बसावे. २४ तास उंचीवर, क्रेनवर किंवा जड उचलण्याचे काम करू नये. अर्धा तास धूम्रपान करू नये. चक्कर आल्यास लगेच आडवे होऊन पाय वर घ्यावेत आणि …… या क्रमांकावर कळवावे. पहिल्या पाळीसाठी जादा बस सायंकाळी ५.१५ वाजता मुख्य दरवाजातून सुटेल. शिबिरात गेलेला वेळ कामाचा धरला जाईल, कंत्राटी कामगारांसही हे लागू आहे.

एवढाच मसुदा. तो एका पानावर बसला पाहिजे आणि शिबिराच्या आठ दिवस आधी लागला पाहिजे. त्याहून आधी लावला तर विसरतात, दोन दिवस आधी लावला तर पाळीचा फेर लक्षात घ्यायला वेळ मिळत नाही. ओडिशा, बिहार, उत्तर प्रदेशातले कामगार असतील तर शेजारी हिंदी प्रत लावा. नावनोंदणी सुपरवायझरच्या वहीत नको, कारण तिथे दबाव येतो. दवाखान्यातील परिचारिकेकडे किंवा वेळ कार्यालयात ठेवा.

या सूचनेबरोबर एक दुसरा कागदही लागतो, पण तो कामगारांसाठी नाही. तो सुरक्षा, कँटीन, विद्युत विभाग आणि सुपरवायझर यांना द्यायचा असतो, आणि निमंत्रणात मिसळला की दोन्हीकडचे कोणी वाचत नाही. सुरक्षा विभागाला चमूतील दहा-बारा जणांची नावे आणि गाडीचा क्रमांक आदल्या दिवशी द्या. गाडी साडेनऊला आत आली तरच खाटा अकराला तयार होतात. फाटकावर पास बनवण्यात गेलेला पाऊण तास भरून काढता येत नाही. कक्ष तळमजल्यावर, हवेशीर, हात धुण्याची सोय जवळ असलेला हवा. कँटीन देऊ नका, जेवणाच्या वेळी तिथे राहणे अशक्य होते. विजेचा पुरवठा अखंड लागतो, म्हणून देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचे त्या दिवशी नियोजन नाही ना, हे विचारा. कष्टाच्या कामावरच्या माणसांना तीनच्या आधी पाठवू नये, हे सुपरवायझरना याच कागदावर सांगा. रक्ताने माखलेला कापूस आणि सुया रक्तपेढी परत नेते. तुमच्या कचऱ्यात काही टाकू देऊ नका.

रक्तपेढी निवडतानाच तिला परवाना आहे का आणि बाहेर शिबिर घेण्यास ती पात्र आहे का, हे विचारून घ्या. शासकीय, रेडक्रॉसच्या आणि राज्य रक्तसंक्रमण परिषदेने मान्य केलेल्या धर्मादाय रक्तपेढ्यांना शिबिरे घेता येतात. आणि आणखी एक, एका पिशवीपासून प्लेटलेट वेगळ्या करायच्या असतील तर रक्त काही तासांत पेढीत पोहोचावे लागते. कारखाना शहरापासून लांब असेल तर दुपारी एकदा गाडी पाठवून पिशव्या नेणार का, हे रक्तपेढीला विचारा. तेवढ्यासाठी शिबिराची वेळ बदलावी लागली तर बदला.

शिबिर संपल्यावर दुसऱ्या दिवशी तीन आकडे फायलीत टिपून ठेवा: प्रत्येक अर्ध्या तासात किती आले, किती परत गेले आणि कोणत्या कारणाने (नावे नकोत), आणि पहिल्या पाळीतले किती जण जादा बसने गेले. रक्तपेढीचा अहवाल येतो तो फक्त पिशव्यांचा, त्यात हे नसते. पुढची सूचना लिहिताना वेळा याच तीन आकड्यांवरून बदलाव्या लागतील.